दाणा फुटला की फिरवायचं

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण भुट्टा भाजायच्या बाबतीत तो मला काडीची किंमत देत नाही. मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. ज्वलन, उष्णतेचं वहन, सगळं फळ्यावर आकृती काढून समजावते. तो परतवाड्याकडे आमच्या गावी शेती करतो आणि दहावीत विज्ञानातच गचकला होता. तरी शेकोटीजवळ मी नुसता हात पुढे केला की तो म्हणतो, "तू बस ना व ताई तिकडं. तुह्यानं नाही होत."

खरंच होत नाही. माझा भुट्टा एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चा, हे घरात ठरलेलं आहे.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, आम्ही सगळे शेतात जमतो. बैलांना त्या दिवशी काम नसतं, त्यामुळे माणसांनाही नसतं. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाऊ घरापुरत्या मक्याच्या दोन-चार ओळी टाकतो. विकायला एक कणीस जात नाही. पोळ्याच्या सुमाराला कणसं दुधात येतात. नखाने दाणा दाबला की पांढरं दूध उडालं पाहिजे. दूध पातळ असेल तर कणीस अजून कोवळं, आणि नुसता पिठासारखा गोळा निघाला तर ते गेलं, कोंबड्यांना टाका. सकाळी तोडायचं आणि सकाळीच भाजायचं. घरी नेऊन उद्या खाऊ म्हणणाऱ्याकडे भाऊ असा बघतो की तो माणूस विषय बदलतो.

विस्तवासाठी मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, बांधावर रचून ठेवलेल्या असतात. पऱ्हाटी भडकन पेटते. ज्वाळा दिसली की आम्हा शहरी लोकांना घाई होते, आणि इथेच सगळे चुकतात. ज्वाळेवर धरला की वरून काळा आणि आतून कच्चा. ज्वाळ मरू द्यायची. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आली आणि वीतभर वर धरलेला हात पाच आकडे मोजेपर्यंत टिकला, की मग भुट्टा ठेवायचा. पानं सोलून मागे वळवायची, तीच मूठ. बुडखा निखाऱ्याच्या मधोमध, शेंडा कडेला, कारण शेंड्याचे दाणे बारीक, ते आधी जळतात. मग गप्प बसून ऐकायचं. पहिला दाणा फट्कन फुटला की पाव फेरा द्यायचा. पुन्हा फुटला की पुन्हा पाव. चार पाव झाले की शेवटी एक भराभर फेरा. दाण्याच्या डोक्यावर काळा ठिपका आणि अंगाने पिवळा. मग अर्धं लिंबू मिठा-तिखटात बुडवून वरून खाली घासायचं, दाबून, रस दाण्यांच्या फटीत उतरला पाहिजे.

ह्या कामाची तो मजुरी घ्यायचा. दोन खर्रे.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, गालात धरतात आणि दिवसभर चघळतात. आमच्याकडे पानठेल्यांवर तो चहासारखा चालतो. अकोल्याला आमच्या घराजवळच्या ठेल्याचा खर्रा भावाला फार आवडायचा, तिथला घोटणारा हात वेगळाच आहे म्हणायचा. मग दरवर्षी करीला निघताना मी साडी सावरत त्या ठेल्यावर उभी राहायची. पहिल्या वर्षी ठेलेवाला गोंधळला. "मॅडम, तुमच्यासाठी?" मी म्हणाले, भावासाठी, तो भुट्टे भाजतो. पुढच्या वर्षापासून तो मला बघूनच घोटायला घ्यायचा. ह्याच मॅडम शाळेच्या पटांगणावर पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ देतात, हात पुढे करून, एका सुरात. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. दिवसाला आठ-दहा खाणाऱ्याला वर्षातून दोन माझे, त्याने काय होतं, असं मला वाटायचं. बहिणीने आणलेली भेट म्हणून तो त्या पुड्या सगळ्यांना दाखवायचा आणि मला छान वाटायचं. हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मागच्या वर्षीच्या करीला मी अशाच दोन पुड्या घेऊन गेले.

त्याने नेहमीसारखे वीस-बावीस भुट्टे भाजले. पोरांना, माझ्या नवऱ्याला, भावजयीला, सगळ्यांना हातात दिले. भाजणाऱ्याने शेवटी खायचं हा त्याचाच नियम. शेवटचा भुट्टा त्याने स्वतःसाठी ठेवला आणि मी कौतुकाने त्यावर लिंबू-तिखट जरा जास्तच घासलं, कारण त्याला झणझणीत लागतं. त्याने भुट्टा घेतला, बाजूला सरकला, आणि अंगठ्याने एकेक दाणा सोलून तोंडात टाकू लागला.

"काय रे, सासरी आला का?" मी म्हणाले. "नवरदेवासारखा दाने वेचून खाऊन राहिला."

सगळे हसले. तोही हसला, पण ओठ मिटूनच. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. निखारे विझत आले होते आणि वारा उलट्या बाजूला होता, तरी तो म्हणाला, "धूर लागला." मग अर्धा भुट्टा तसाच बैलापुढे टाकला. आमच्या भावाने भाजलेला भुट्टा बैलाला टाकलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

विहिरीवर हात धुताना भावजयीला विचारलं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, वर्स होऊन राहिलं. भाकर कुस्करून वरनात भिजवून देतो मी. तिखट चालतच नाही. तोंडात आग होते म्हनते. घास मोठा असला का जातच नाही आत. तुमाले सांगू नोको म्हनला."

"डॉक्टरले दाखवलं?"

"म्हनते, दात दुखते. दुसरं काई नाई."

मी तरातरा त्याच्याकडे गेले. "तोंड उघड."

"काहून?"

"उघड म्हणते ना."

"तू काय डाक्टर हायेस का?" असं म्हणून तो बैलांकडे निघून गेला. मी आणलेल्या पुड्यांपैकी एक त्याच्या खिशात होती. दुसरी माझ्या पर्समध्ये राहिली होती, ती मी विहिरीत फेकायला निघाले. मग आठवलं की हे पाणी बागेला जातं. शेवटी ती निखाऱ्यात टाकली. फार घाण वास सुटला.

त्याला डॉक्टरकडे न्यायला मला दोन महिने लागले. धमकी दिली, रडले, भाऊबीजेला ओवाळणार नाही म्हणाले. दिवाळीनंतर एकदाचा आला, तोही अमरावतीला बियाण्याचं काम आहे म्हणून. दातांच्या डॉक्टर बाईंनी त्याला सांगितलं, स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी दातांमध्ये घाला. मी माझी सहज घातली. त्याचं एक बोट गेलं. दुसरं अर्धं अडकलं, आणि तो ते ढकलत राहिला, वर्गात उत्तर न येणारा मुलगा फळ्यावर उगाच खडू घासत राहतो तसा. बाई म्हणाल्या, राहू द्या.

गालाची आतली कातडी सुपारीने आणि तंबाखूने घट्ट, पांढरी, चामड्यासारखी झाली होती. बाईंनी नीट समजावलं. जे आवळलं ते पूर्ववत सैल होत नाही. गोळ्या आणि इंजेक्शनं देऊ, व्यायाम देऊ, थोडं उघडेल किंवा नाही उघडणार. आजच्या आज बंद केलं तर निदान पुढे आवळायचं थांबेल. एका गालावर डाग होता, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढे काय होऊ शकतं हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मी शाळेत ह्याच रोगाचं चित्र भिंतीवर लावलं आहे. चित्रातला माणूस कोणाचा भाऊ नसतो.

व्यायाम म्हणजे आइसक्रीमच्या काड्या. दातांमध्ये बसतील तेवढ्या काड्यांची थप्पी घालायची, ओढ बसेपर्यंत धरायची, आणि जमलं तर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. त्याच्या दातांमध्ये अकरा काड्या मावत होत्या.

डागाचा निकाल यायचा होता, इंजेक्शनं सुरू व्हायची होती, तेवढे दिवस मी त्याला अकोल्याला माझ्याकडे ठेवून घेतलं. माझं गणित सोपं होतं. इथे गावचे दोस्त नाहीत, पानठेल्याकडे मी जाऊ देणार नाही, आठ दिवस सुटला की सुटला. उंटावरून शेळ्या हाकायला मला फार येतं. तिसऱ्या दिवशी तो चिडचिडा झाला. चौथ्या दिवशी जेवेना. मऊ भात, खिचडी, पातळ वरण पाहिलं की ताट सरकवायचा. म्हणायचा, "म्हाताऱ्याचं खानं देऊन राहिली."

येताना भावजयीने पिशवीत उशिरा लावलेल्या मक्याची सहा कणसं दिली होती. चार दिवसांत त्यांचं दूध दाट झालं होतं. मला वाटलं, ह्याच्यासाठी भुट्टा भाजावा. चावता येत नाही तर दाणे मऊ करून भाजावेत, वरून काळे ठिपके आणावेत, मग सोलून खलबत्त्यात ठेचावेत. तिखट नाही, नुसतं मीठ आणि तूप. भाजल्याचा वास तरी जाईल नाकात. चार घास खाईल.

मी कुकरमध्ये कणसांना तीन शिट्ट्या दिल्या. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय करून राहिली?"

"भुट्टा."

"उकडून? उकडलेला भुट्टा भाजते का कोनी?"

"मऊ व्हायला नको?"

मी ओव्हनची वरची सळी लाल करायला ठेवली, दहा मिनिटं. केकसाठी घेतलेला ओव्हन, वर्षातून दोनदा चालतो. कुकरमधली तीन ओली कणसं तशीच जाळीवर ठेवून मी वरच्या खाचेत सरकवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर एकही डाग नाही. भावाने खाली वाकून काचेतून पाहिलं आणि हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"वला हाय तो. वाफ होऊन राहिली नुसती. काढ. पूस पहिले."

फडक्याने पुसून कणसं कोरडी केली. त्याने स्वतः तूप चोळलं, दाण्यांच्या रांगांमध्ये बोटाने. शेंडे जळू नयेत म्हणून एवढीशी फॉइलची टोपी घालायला सांगितली. सळीपासून दोन बोटं खाली राहतील अशी जाळी लावली. मग ओव्हनसमोर फरशीवर उकिडवा बसला आणि काचेला कान लावला. मी ओरडले, भाजशील. कान मागे घेऊन म्हणाला, "आवाज येत नाही व ताई यातून. कसं कळन?"

"घड्याळाने. चार-चार मिनिटांनी फिरवायचं."

"घड्याळाले काय मालूम कोनता दाना कवा फुटन."

पहिली खेप तरी बरी झाली. वरची बाजू चार मिनिटांत धरली, दुसऱ्या बाजूला तीनच लागली, कारण सळी आता चांगली तापली होती. हे त्याच्याच लक्षात आलं, मी चारच लावणार होते. तीन कणसं झाली. दाणे सोलले, ठेचले, तूप-मीठ घातलं. त्याने वाटी घेतली, चमचा तोंडाशी नेला, डोळे मिटून हुंगला. दोन चमचे खाल्ले. मग म्हणाला, उरलेले तीनही लाव, त्यावर थोडं लिंबू पिळून बघू. लिंबू संपलं होतं. "मी आनतो," म्हणाला. कोपऱ्यावरच भाजीवाली बसते, पन्नास पावलांवर. मला इतका आनंद झाला होता की मी जा म्हणाले.

उरलेली तीन कणसं लावून मी ओट्याशी उभी राहिले. तो लिंबं घेऊन परत आला. मी विचारलं, कशी दिली? तो म्हणाला, "हूं." मी म्हणाले, कशी दिली विचारते. "हूं हूं." आणि हाताने काहीतरी खूण केली.

मला कळलं. त्या क्षणी, पाठमोरी असतानाच कळलं. पण मी वळले नाही. वळले असते तर बोलावं लागलं असतं, आणि काय बोलायचं होतं? वाटीत दोन चमच्यांची जागा रिकामी झालेली दिसत होती. मला तेवढं वाचवायचं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. घड्याळ लावायचं माझ्याकडून राहून गेलं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आधी वास आला. मग काचेमागे धूर. मी तशीच उभी. भाऊ "उं! उं!" करू लागला, ओव्हनकडे बोट दाखवू लागला. मी ऐकलं, पण तो माझ्याशी खोटं बोलतोय ह्याचाच आवाज माझ्या कानात एवढा होता की दुसरं काही आत जाईना. त्याने मला हलवलं. मग सिंककडे धावला, सगळं थुंकला, आणि मोकळ्या तोंडाने, त्या दीड बोटाच्या तोंडाने, जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडला, "फिरव ना व ताई! जळून राहिलं!"

फडकं घेऊन त्यानेच दार उघडलं, जाळी ओढली, कणसं फिरवली. बोटं भाजली तरी फिरवली. मग त्याचं सिंककडे लक्ष गेलं. माझंही गेलं. स्टीलवर तो तपकिरी गोळा पडला होता, अर्धाच चघळलेला.

भुट्टा जळू दिला असता तर तो पकडला गेला नसता. दोन मिनिटं गप्प राहिला असता, बाथरूमला जाऊन तोंड धुऊन आला असता. एवढंही त्याला जमलं नाही.

मी त्याला मारलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, पाठीवर, खांद्यावर, दोन्ही हातांनी. बोलतही होते, काय ते आठवत नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "मार." मग म्हणाला, "मले नाही सुटत व ताई. म्या करून पाह्यलं. हात आपोआप जाते." त्याचा आवाज लहानपणी त्याच्या हातून विहिरीत बादली पडली की यायचा तसा होता, आणि मी थांबले. कारण मलाही काही येत नव्हतं. शपथ देता येते मला, चित्र लावता येतं, घड्याळ लावता येतं. मी पुड्या आणायला लागले त्याआधी तू दिवसाला किती खायचास, हे मी त्याला विचारणार होते. विचारलं नाही. त्याने खरं उत्तर दिलं असतं तर?

सिंक मी धुतलं. जळलेली कणसं त्याने बोटांनी खरवडली, खालचे बरे दाणे काढले आणि वाटीत ठेवले. ते कोणीच खाल्ले नाहीत.

चार दिवसांनी डागाचा निकाल आला. कॅन्सर नाही. "सध्या नाही," असं डॉक्टर बाई म्हणाल्या आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. भावजय फोनवर रडली. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या बसने गावी गेला, काड्यांची थप्पी रबर लावून खिशात घेऊन. आता तो दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो, मी सुट्टी काढून अमरावतीला पोचते. काड्या कधी बारा होतात, कधी परत अकरा. खर्रा सुटला का, हे मी विचारत नाही, आणि तो सांगत नाही. कधी भावजय म्हणते महिना झाला, कधी दुसरंच काही सांगते. तो गप्प असला की मी त्याच्या गालाकडे बघते आणि तो माझं बघणं बघतो. असं आमचं चाललेलं असतं.

ह्या वर्षी करीला शेतात जायचं की नाही ह्यावर घरात कुजबुज झाली. त्याच्यासमोर खायचं कसं? भावानेच फोन केला. "धुऱ्यावर भुट्टे आले. काहून येत नाही तुमी?"

गेलो. त्याने पऱ्हाट्या पेटवल्या, ज्वाळ मरू दिली, राखेची साय येऊ दिली, सगळं रीतसर. एकेक भाजून हातात दिला. मी पानं धरून भुट्टा घेतला आणि अंगठ्याने दाणे सोलायला लागले. बाजूला पाहिलं तर माझा नवराही सोलत होता. पोरंही सोलत होती, कोणी न सांगता, मान खाली घालून. निखाऱ्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता.

भावाने वर पाहिलं. एकेकाकडे पाहिलं. मग हातातला भुट्टा निखाऱ्यावरून उचलून जमिनीवर आपटला.

"मयतीले आले का तुमी?" तो ओरडला. "दात हायेत ना तुमाले? दातानं खा!"

तो उठून माझ्यापुढे येऊन बसला. माझ्या हातातला सोललेला भुट्टा काढून घेतला आणि नवीन दिला, ताजा, फुटत असलेला, लिंबू-तिखट दाबून घासलेला. "तू खा ताई," तो म्हणाला. "चाव. मले पाहू दे."

मी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, आणि एवढं उघडतं ह्याची लाज वाटली. दात रोवले. दाणे फुटले, तिखट ओठाला झोंबलं. तो अगदी जवळ बसून माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचा मिटलेला जबडा माझ्याबरोबर हलत होता. मी एक रांग संपवली की तो भुट्टा थोडा फिरवायचा. बुडख्यापासून शेंड्यापर्यंत मी सगळा खाल्ला.